स्वप्नातील आरोपपत्र : अपराधभावाच्या वाचनाविषयी काही विचार

स्वप्नात अटक होणे, पोलीस दाराशी येणे, न्यायालयात उभे राहावे लागणे हा अनुभव साहित्यकृतींत वारंवार येतो. आपले समीक्षक अशा प्रसंगी बहुधा 'पात्राच्या मनातील अपराधगंड येथे व्यक्त झाला आहे' असे विधान करून पुढे जातात. पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून तर हे वाक्य इतक्या वेळा भेटते, की त्याने काही उलगडते की झाकले जाते, असा प्रश्न पडावा. अपराधगंड आहे हे मान्य केले तरी त्या व्यक्तीवर नेमका कोणता आरोप ठेवला गेला आणि तोच का, हा प्रश्न शिल्लक राहतो. स्वप्नातील अटकेपेक्षा स्वप्नातील आरोप अधिक बोलका असतो, हे प्रस्तुत लेखात दोन नोंदींच्या आधारे दाखवावयाचे आहे.

पहिली नोंद सिग्मंड फ्रॉइड यांच्या स्वप्नमीमांसेतील आहे. हा ग्रंथ 1899 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला व त्यावर 1900 हे वर्ष छापले गेले. प्रत्येक स्वप्न ही इच्छापूर्ती असते या सिद्धान्तावर त्यांच्या परिचयातील एका बुद्धिमान कायदेतज्ज्ञाने आक्षेप घेतला आणि पुरावा म्हणून स्वतःचे स्वप्न सांगितले. एका स्त्रीच्या हातात हात घालून तो आपल्या घरापाशी येतो. तेथे एक बंद घोडागाडी उभी असते. एक गृहस्थ पुढे होऊन आपण पोलीस अधिकारी असल्याचे सिद्ध करतो आणि सोबत येण्यास सांगतो. हा केवळ आपल्या कामांची व्यवस्था लावण्यापुरता वेळ मागतो. अटक व्हावी अशी माझी इच्छा असेल काय, असा त्याचा सवाल होता.

फ्रॉइड यांनी अटकेची चर्चा केली नाही. आरोप कोणता होता, एवढेच विचारले. उत्तर आले : बालहत्येचा. येथे या नोंदीचे मर्म आहे. त्या काळच्या तेथील कायद्यात बालहत्या हा स्वतंत्र गुन्हा नवजात अर्भकाच्या आईच्याच हातून घडू शकत असे. फ्रॉइड यांनी तसे लक्षात आणून दिले आणि त्या गृहस्थाने ते मान्यही केले. जागेपणी ज्याने ही चूक कधी केली नसती, त्या कायदेतज्ज्ञाच्या स्वप्नाने त्याच्यावर चुकीचे कलम लावले होते.

पुढील माहिती त्याने अनिच्छेनेच दिली. ती रात्र त्याने एका विवाहित स्त्रीच्या घरी घालविली होती. गर्भ राहिला तर संबंध उघडकीस येतील म्हणून तो संबंधाच्या वेळी दक्षता घेत असे. परंतु या वेळी ती दक्षता कितपत साधली याची त्याला खात्री नव्हती. पहाटे पुन्हा डोळा लागला आणि हे स्वप्न पडले. मूल जन्मास येणार नाही, ते नाहीसे झाले आहे, हे आश्वासन त्याला हवे होते. स्वप्नाने ते दिले, पण खटल्याच्या भाषेत. काही दिवसांपूर्वी या दोघांत गर्भनिरोध क्षम्य आणि गर्भपात मात्र गुन्हा, या कायद्यातील विसंगतीविषयी बोलणे झाले होते. स्वप्नाला सामग्री तेथून मिळाली. स्त्री सोबत असून घर मात्र त्याचे स्वतःचे, या तपशिलात आणखी एक लहानशी इच्छा फ्रॉइड यांना दिसली : परक्या घरी चोरून राहण्याऐवजी तिला आपल्याच घरी आणता यावे.

तथापि खास स्त्रीचाच असलेला हा गुन्हा त्याला का सुचला, हे एवढ्याने उलगडत नाही. शेवटी त्याने सांगितले, की काही वर्षांपूर्वी त्याच्यापासून दिवस गेलेल्या एका तरुणीने गर्भपात करून घेतला होता. त्या कृत्यात त्याचा हात नव्हता. ते उघडकीस येईल ही धास्ती मात्र त्याला दीर्घकाळ होती. म्हणजे चुकीचे वाटणारे कलम जुन्या प्रकरणाच्या अगदी जवळचे होते. ताज्या चिंतेने खटला उभा केला आणि जुन्या अपराधाने आरोपाचे नाव पुरविले. त्या तरुणीने एकटीने पत्करलेला कायद्याचा धोका स्वप्नात त्याच्या अंगावर आला, असेही म्हणता येईल; मात्र हे मत माझे आहे, फ्रॉइड यांचे नव्हे.

या नोंदीत मागे एक घडलेली गोष्ट तरी आहे. ज्याच्या हातून काहीच घडलेले नाही, त्याच्या स्वप्नातील आरोप कोठून येतो? दुसरी नोंद या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शार्लोट बेराट या पत्रकार महिलेने 1933 पासून नाझी जर्मनीतील सामान्य माणसांची स्वप्ने गुप्तपणे जमविली. टिपणांत अटकेला 'फ्लू' आणि हिटलरला 'हान्सकाका' असे सांकेतिक शब्द वापरून ती पुस्तकांच्या बांधणीत लपविली. 1939 मध्ये त्यांनी देश सोडला आणि 1966 साली ती स्वप्ने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

त्यांत पंचेचाळीस वर्षे वयाच्या एका डॉक्टरांचे 1934 मधील स्वप्न आहे. रुग्ण तपासून झाल्यावर रात्री नऊच्या सुमारास ते ग्रूनेवाल्ड या चित्रकारावरील पुस्तक घेऊन कोचावर पडले आहेत. एकाएकी खोलीच्या, मग साऱ्या घराच्या भिंती नाहीशा होतात. भयभीत होऊन पाहावे तो सभोवतालच्या कोणत्याच घराला भिंती उरलेल्या नाहीत. आणि ध्वनिक्षेपक भिंती रद्द करणाऱ्या फर्मानाची घोषणा करीत आहे. या स्वप्नाचे निमित्त डॉक्टरांनीच सांगितले. घरावर झेंडा का लावला नाही, हे विचारण्यास वस्तीचा पहारेकरी आला होता. त्यांनी त्याला पेयपान करवून वाटेला लावले. मनात मात्र म्हटले की माझ्या चार भिंतींत हे चालणार नाही. त्यांचा गुन्हा असलाच तर हा न उच्चारलेला विचार; आणि स्वप्नाने नेमक्या त्या भिंतीच काढून घेतल्या. सकाळी त्यांनी हे स्वप्न लिहून ठेवले. त्यानंतर पुढचे स्वप्न पडले : स्वप्ने लिहून ठेवतो, असा आरोप त्यांच्यावर होता.

कायदेतज्ज्ञाच्या स्वप्नात आरोप खऱ्या कृत्याला आडून स्पर्श करतो. येथे तो आधी येतो आणि कृत्य त्याला शोधून दिले जाते. म्हणूनच बेराट यांच्या संग्रहातील फर्मानांत कार्यालयीन भाषेचा हुबेहूब तोल आढळतो. एका मर्यादेची जाणीव मात्र ठेवावयास हवी. फ्रॉइड यांना प्रश्न विचारून मागील धागे काढता आले. बेराट यांच्यापर्यंत पुष्कळ स्वप्ने तिसऱ्याच्या तोंडून आली. त्यामुळे त्या माणसांच्या खाजगी अपराधांविषयी आपण बोलू नये, हे बरे.

मराठीत या दृष्टीने विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे 1967 चे नाटक पुन्हा वाचण्यासारखे आहे. ते स्वप्न नव्हे, खेळ आहे. पण स्वप्नाप्रमाणेच येथेही 'हे खरे नाही' या सवलतीच्या आडोशाने खटला चालतो. लीला बेणारेवरील आरोपही भ्रूणहत्येचाच आहे. कायदेतज्ज्ञाच्या स्वप्नात पुरुषाने स्त्रीचा गुन्हा स्वतःवर ओढून घेतला होता. येथे गर्भास कारण झालेला प्रोफेसर दामले खटल्याला हजरच नाही. त्याची खुर्ची रिकामी आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बेणारे आहे. रंगत आणण्यासाठी निवडलेला हा आरोप हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यावर बसविला जातो. अखेरीस काशीकर निकाल देतात तो तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा. म्हणजे ज्या कृत्यासाठी खटला भरला, तेच कृत्य शिक्षा म्हणून फर्मावले जाते, आणि ही विसंगती त्या न्यायालयातील कोणाच्याही ध्यानात येत नाही.