एका खेपेला किती पोती?

पोरांनो, ईओक्यूचं सूत्र तुमच्या वहीत आहेच. अमेरिकेत फोर्ड हॅरिस यांनी ते 1913 साली कारखान्यासाठी मांडलं. यंत्र एकदा जुळवलं की किती नग एकदम काढावेत, हा त्यांचा प्रश्न होता. दुकानदाराचा प्रश्न वेगळा दिसला तरी गणित तेच आहे. परीक्षेत तुम्हाला आकडे छापून मिळतात, दुकानात मात्र ते शोधून काढावे लागतात. मी आयुष्यभर खरेदी सांभाळली, आणि सूत्र चुकलेला माणूस मला क्वचितच भेटला. चुकतात ते सूत्रात घातलेले आकडे. म्हणून आज त्यांच्याबद्दलच बोलतो.

समजा, कोथरूडमध्ये एक किराणा दुकान आहे. वर्षाला तिथे साखरेची 300 पोती खपतात, पोतं 50 किलोचं, भाव 2,000 रुपये धरू. माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून, भुसार बाजारातून येतो. दर खेपेला किती पोती उचलायची?

आधी ऑर्डरचा खर्च पाहू. इथे स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: एक खेप वाढली की हा खर्च वाढतो का? टेम्पोचं भाडं 700 रुपये, ते दर खेपेला द्यावंच लागतं, म्हणून धरा. माल उतरवून मोजून घ्यायला त्या दिवसापुरता एक जादा माणूस बोलावतात, त्याचे 100 रुपयेही धरा. झाले 800. हमालीचं काय? हमाली पोत्यावर असते. 300 पोती पाच खेपांत आणा की पन्नास खेपांत, वर्षाची हमाली तेवढीच राहते, म्हणून ती इथे येत नाही. नोकराचा महिन्याचा पगारही येत नाही. तो खेपा कमी केल्या म्हणून घटणार नाही. खातेवहीतला एकूण खरेदी-खर्च भागिले खेपा, असा हिशोब करणारे या दोन्ही गोष्टी आत ओढतात आणि उत्तर फुगवून बसतात.

साठवणीच्या खर्चालाही अशीच कसोटी लावायची: साठा वाढला की हा खर्च वाढतो का? पोत्यात 2,000 रुपये अडकतात. बँकेचं कॅश क्रेडिट 12 टक्क्यांचं असेल तर वर्षाला 240 रुपये व्याज झालं. कर्ज नसेल तरी हा आकडा शून्य धरू नका. तोच पैसा दुकानात दुसऱ्या मालात फिरला असता, त्याची कमाई इथे खर्च म्हणून धरायची. पावसाळ्यात ओल धरून साखरेचे गोळे होतात, मुंग्या लागतात, पोतं फाटतं, वर विमा असतो. या सगळ्याचे 60 रुपये धरू. म्हणजे एक पोतं वर्षभर ठेवायचे 300 रुपये. गोदामाचं भाडं धरायचं का? गोदाम ठरलेल्या भाड्याने घेतलेलं असेल आणि रिकाम्या जागेचा दुसरा उपयोग नसेल, तर धरायचं नाही. त्या कोपऱ्यात तेलाचे डबे ठेवता येणार असतील, तर मात्र जागेला किंमत आली.

आता सूत्र मांडा. D म्हणजे वर्षाचा खप, S म्हणजे एका खेपेचा खर्च, H म्हणजे एका पोत्याची वर्षाची साठवण.

Q = √(2DS/H) = √(2 × 300 × 800 / 300) = √1600 = 40

उत्तर आलं 40 पोती. वर्षाला साडेसात खेपा, त्यांचे 6,000 रुपये. माल 40 वरून शून्यापर्यंत सारखा उतरत जातो, म्हणून सरासरी शिल्लक 20 पोती, त्यांचेही 6,000. एकूण 12,000. दोन्ही बाजू सारख्या आल्या, हा योगायोग नव्हे. सर्वांत कमी खर्चाच्या जागी त्या सारख्याच येतात. यातून दुकान तपासायची एक सोपी रीत मिळते. वर्षाची टेम्पोची व्हाउचरं बेरीज करा आणि शेजारी सरासरी शिल्लक मालाचा साठवणखर्च मांडा. टेम्पोची बाजू कितीतरी जड असेल तर खेपा फार लहान होत आहेत. साठवणीची जड असेल तर माल फार भरला जातो आहे.

पण 40 पोती म्हणजे दोन टन. नेहमीच्या पिकअपमध्ये दीड टन बसतं, म्हणजे 30 पोती. 31वं पोतं घ्यायचं तर दुसरा टेम्पो लागतो, आणि मग 800 रुपये हा आकडाच खरा राहत नाही. सूत्र हे सांगत नाही. ते S कायम धरून चालतं. मग 30 पोतीच आणली तर? दहा खेपांचे 8,000 आणि सरासरी 15 पोत्यांचे 4,500, मिळून 12,500. सूत्राच्या उत्तरापेक्षा वर्षाला फक्त 500 रुपये जास्त. या गणितातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे: खर्चाची रेघ तळाशी सपाट असते. 50 पोती आणायची सोय असती तरी खर्च 12,300 झाला असता. म्हणून 40 या आकड्याला चिकटून राहू नका, गाडी भरेल तो आकडा घ्या. मात्र फार लांबही जाऊ नका. निम्मी, म्हणजे 20 पोती आणली किंवा दुप्पट 80 आणली, की खर्च 15,000 वर जातो. तोही 80 पोत्यांना एकच भाडं पुरेल असं मानून. आणि आठवड्याला सहा-सहा पोती आणणारा तर वर्षाला 40,900 रुपये घालवतो.

अशा सपाटीमुळे S किंवा H थोडा चुकला तरी बिघडत नाही. भाडं दहा टक्के वाढलं तर उत्तर पाचेक टक्क्यांनीच हलतं. खपाचंही तसंच आहे. दुकान वाढून खप चौपट झाला तरी खेप चौपट करायची नसते, दुप्पट करायची.

हे सगळं खप सारखा असेल तेव्हाचं. गणपती आणि दिवाळीच्या आधी साखरेचा खप उसळतो, तेव्हा वर्षाची सरासरी कामाची नाही. त्या आठवड्यांचा माल वेगळा ठरवा. आणि किती आणायचं हे कळलं तरी कधी सांगायचं हे उरतंच. रोज एक पोतं जात असेल आणि सांगितल्यापासून माल यायला तीन दिवस लागत असतील, तर शेवटच्या तीन पोत्यांवर दोन पोती राखीव धरून पाच उरली की फोन करायचा.

उत्तर खरोखर बदलतं ते व्यवहाराची रीत बदलली की. समजा, ठोक व्यापारी म्हणाला, "माल मी दुकानात पोचवतो." मग S मध्ये फक्त माणसाचे 100 रुपये उरले, आणि उत्तर 40 वरून 14 पोत्यांवर आलं. वर्षाचा खर्च पिकअपच्या 12,500 वरून सुमारे 4,250 झाला. वाचलेले 8,250 रुपये 300 पोत्यांवर वाटले तर पोत्यामागे साडेसत्तावीस रुपये होतात. त्याने पोचवण्यासाठी भावात वीस रुपये वाढवून मागितले तर हो म्हणा. तीस मागितले, तर आपला पिकअपच बरा.