कॉलवरच्या शांततेला होकार समजू नका

नेदरलँड्समधल्या एका ग्राहकाच्या गोदामांचं सॉफ्टवेअर बदलायचं काम नागपूरला मिहानमधल्या आमच्या टीमकडे होतं. जूनमधल्या एका शनिवारी साठ्याच्या सगळ्या नोंदी जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवायच्या होत्या. आधीच्या गुरुवारी कॉलवर तिकडच्या मॅनेजरने विचारलं, "कुणाची काही हरकत?" कुणीच बोललं नाही. त्याने आभार मानून कॉल बंद केला.

हरकत होती, सौसरकडच्या एका नव्या मुलीची. मालाची मुदत उतरवताना दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत होती. 25 तारीख महिना म्हणून चालत नाही, त्यामुळे अशा नोंदी अडकायच्या आणि डोळ्यांत भरायच्या. 12 पर्यंतच्या तारखा मात्र बिनबोभाट उलटायच्या: 5 नोव्हेंबरची मुदत 11 मे होऊन बसायची. तिने हे टीम लीडना सांगितलं होतं. त्यांनी अडकलेल्या नोंदी नीट करून घेतल्या आणि काम झालं असं धरलं. सोमवारी तिकडच्या गोदामात चांगला माल मुदत संपलेला म्हणून बाजूला काढला गेला.

त्यानंतर समन्वयाचं काम माझ्याकडे आलं. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सरांनी झालं म्हटलं होतं ना दादा. त्यांच्यासमोर परक्या माणसापुढे कसं बोलू?"

मला यात नवल वाटलं नाही. आमच्या मोहगावात संत्र्याच्या बागेचा सौदा ठरतो तेव्हा व्यापाऱ्याशी घरातला मोठा माणूस बोलतो. भाव पडतोय हे धाकट्याला कळत असलं तरी तो तिथे तोंड उघडत नाही, संध्याकाळी घरी बोलतो. कॉलला अशी संध्याकाळ नसते, हीच खरी अडचण. डच मॅनेजरच्या हिशेबी मत मांडायची जागा ती मीटिंगच होती, आणि तिथे जो बोलला नाही त्याने मान्य केलं.

पुढचा घोटाळा त्याच्या बाजूने झाला. सगळ्यांसमोर तो लीडना म्हणाला, "ही तपासणी निष्काळजी होती." पाच मिनिटांनी त्याच माणसाने त्यांना सुट्टीचे बेत विचारले! त्याच्यासाठी टीका कामावर होती आणि ती संपली होती. लीडनी मात्र त्या दिवसापासून कॅमेरा बंद ठेवला आणि जेवढ्यास तेवढं बोलू लागले. वरच्याचा अधिकार माणसं किती सहज स्वीकारतात याचा गेर्ट हॉफस्टेड यांनी काढलेला अंक भारतासाठी 77 आणि नेदरलँड्ससाठी 38 आहे. पण ही देशांची सरासरी आहे, तीही आयबीएमच्या कर्मचाऱ्यांवरून सुरू झालेली. तिच्यावरून समोरच्या एका माणसाचा अंदाज बांधू नये. आमच्याच टीममध्ये पुण्याहून आलेला एक जण त्या मॅनेजरला बेधडक टोकायचा.

आम्ही आधी सोपा उपाय करून पाहिला: कॉलवर सगळ्यात धाकट्याने पहिलं बोलायचं. तो फसला. मुलं लीडच्या चेहऱ्याकडे बघून बोलायची.

मग गॅरी क्लाइन यांची पद्धत घेतली. मीटिंगच्या दोन दिवस आधी प्रत्येकाने लिहून द्यायचं: 'हे काम फसलं आहे असं धरा. कशामुळे फसलं असेल?' नाव लिहायचं नाही, पण कोरा कागद चालणार नाही. फरक इथे पडतो. 'हरकत आहे का' याचं उत्तर देणारा लीडच्या विरोधात उभा राहतो, इथे मात्र चूक शोधणं हे सोपवलेलं काम होतं. शिवाय ही यादी लीडनीच मागायची आणि कॉलवर त्यांनीच वाचून दाखवायची असं ठरवलं. धाकट्याची शंका त्यांच्या तोंडून गेली की त्यांचा मानही राहतो. लीडना वगळून मुलांशी थेट बोलायचा मॅनेजरचा विचार होता. तो मी होऊ दिला नाही, कारण तसं झालं असतं तर मुलं आणखी गप्प झाली असती.

टीका आधी एकट्याशी बोलून करायची हे ठरवताना मॅनेजर वैतागला. एकच गोष्ट दोनदा का बोलायची, हा त्याचा प्रश्न. शेवटी तडजोड झाली. कोडवरची टीका तो पूर्वीसारखीच रोखठोक लिहील, पण ओळीचा क्रमांक देऊन. माणसाच्या कामाबद्दल बोलायचं असेल तर आधी त्याच्याशी एकट्याशी. आणि टीमलाही मी स्पष्ट सांगितलं की टीकेनंतरचं त्याचं हसणं खोटं नाही.

शांतता कसली आहे हे ओळखायला मी एक प्रश्न वापरतो: पुढची पायरी कोण करणार आणि कधी? उत्तरात नाव आणि तारीख आली तर होकार समजायचा. 'हो सर, करून टाकू' एवढंच आलं तर कॉलनंतर फोन करायचा.

या सगळ्याला वेळ लागतो. रात्री सर्व्हर बंद पडला असताना यातलं काही चालत नाही. आणि हे सगळीकडेही लागू नाही. पुढे एका जपानी ग्राहकाला आम्ही तशीच यादी सगळ्यांना एकदम पाठवली, तर काहीच उत्तर आलं नाही. तिथे मीटिंगच्या आधी एकेकाशी वेगळं बोलून त्याचं मन वळवून घ्यायची रीत आहे, आणि मीटिंग फक्त ठरलेल्यावर शिक्का मारायला असते. त्या कामात यादी बाजूला ठेवून आमचे लीड रोज सकाळी त्यांच्यातल्या एकेकाला फोन लावत बसले.