रात्रीच्या गाडीत कुठला डबा?

मुंबईला रात्रीच्या गाडीने जाणार म्हणतेस, तर आधी चेअर कार डोक्यातून काढ. ती दिवसाच्या गाड्यांची, जनशताब्दीची आणि वंदे भारतची. तिथे पाठ थोडी मागे कलते, पण आडवं होता येत नाही आणि पांघरूणही मिळत नाही. एखाद्या रात्रीच्या गाडीला ती दिसली आणि स्वस्त वाटली, तरी सकाळी मुलाखत असेल तर घेऊ नकोस.

देवगिरी, नंदीग्राम या गाड्यांत निवड खरी स्लीपर आणि थ्री टायर एसी यांच्यातच. एसीचं भाडं साधारण अडीच पट. मिळतं काय? उशी, दोन चादरी, ब्लँकेट आणि बंद खिडकी. टू टायरमध्ये मधला बर्थ नसतो, एवढ्यासाठी आणखी पैसे कशाला?

ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत जात असशील, तर माझं मत स्लीपरला. डिसेंबर-जानेवारीत मात्र नाही. आपल्या हर्सूलच्या थंडीवर जाऊ नकोस; मनमाड सोडलं की निफाडचा पट्टा लागतो, मग इगतपुरी. काच लावली तरी फटीतून वारा येतोच. तेव्हा एसी घे, नाहीतर घरची जाड गोधडी ने. मे महिन्यात स्लीपरचा वरचा बर्थ टाळ, तापलेलं छप्पर लवकर निवत नाही.

बर्थ कुठला, हे मला डब्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. गाडी मराठवाड्यातूनच भरून येते. तू चढशील तेव्हा दिवे मालवलेले आणि लोक झोपलेले असतील. रात्री दहानंतर मधला बर्थ उघडायचा नियम आहे, म्हणजे खाली बसायलाही जागा नसते. अशा वेळी वरचा बर्थ सोयीचा. तुला कुणी उठवत नाही.

बर्थ ओळखायला आकड्याला आठने भाग. बाकी एक किंवा चार उरली तर खालचा, दोन-पाच मधला, तीन-सहा वरचा, सात साइड लोअर, आणि काहीच उरलं नाही तर साइड अप्पर. समज तुला पस्तीस मिळाला: चार आठे बत्तीस, बाकी तीन, म्हणजे वरचा. स्लीपर आणि थ्री टायर, दोन्हीकडे हाच हिशेब. साइडचे बर्थ आखूड असतात, उंच माणसाचे पाय मुडपतात.

तिकिटावर आरएसी असेल तर चढता येतं, पण साइड लोअर दोघांत वाटून घ्यावा लागतो. बसून रात्र काढायची तयारी ठेव. वेटिंग राहिलं तर आरक्षित डब्यात चढूच नकोस.

तारीखही नीट बघ. गाडी बारानंतर सुटणारी असेल तर तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढावं लागतं. आणि हर्सूलहून स्टेशन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. रिक्षा संध्याकाळीच सांगून ठेव.