सोसायटीचा हॉल आणि गाण्यांचा परवाना

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी महिलांना फुगडी, झिम्मा आणि एरोबिक्स शिकवणार आहे. महिना ५०० रुपये फी. हॉल आपलाच, मग स्पीकरवर कोणतीही गाणी चालतील ना?
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : ताई, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रहिवाशांच्या सामाईक हॉलमध्ये, मुख्यतः त्यांच्यासाठीच्या सोयीचा भाग म्हणून ध्वनिमुद्रित गाणी वाजवली, तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(के) सूट देतं. पण सूट हॉलच्या मालकीवर नव्हे, वापरावर अवलंबून आहे. बाहेरच्या महिला भरपूर आल्या आणि वर्ग तुमचा व्यवसाय झाला, की ती टिकणं अवघड.

म्हणून आधी कमिटीकडून लेखी ठराव घ्या : वर्ग रहिवाशांसाठी, सकाळी ७ आणि सायंकाळी ७ची बॅच, हॉलभाडं अमुक. समजा, महिन्याला १२ तास, भाडं तासाला १५० रुपये. म्हणजे १,८०० रुपये. चार जणींच्या फीतून ते सुटतं.

बाहेरच्यांना घ्यायचं असेल, तर पीपीएल, आयपीआरएस यांसारख्या संस्थांकडे परवान्याची चौकशी करा. झिम्मा-फुगडीची पारंपरिक गाणी महिलांनीच म्हटली, तर तो प्रश्नच उरत नाही. आवाज मात्र खिडक्या लावून, बेताचाच ठेवा.