चोवीस एकर, तीन वाटण्या

समान नागरी कायद्याची चर्चा बहुधा लग्न आणि तलाकापाशीच अडकते. पांढुर्णा-सौंसर भागात वकिली करताना माझ्यापुढे हा प्रश्न येतो तो नामांतरणाच्या अर्जातून. बाप गेला, आता शेत कोणाच्या नावे चढवायचं? मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १६४ प्रमाणे भूमिस्वामीचा वारसा त्याच्या वैयक्तिक कायद्याने ठरतो. म्हणजे एकाच पटवाऱ्याच्या हलक्यात, धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेतांना वेगवेगळे कायदे लागू होतात. या कामातून जे उमगलं ते असं.

१. आधी वाटणी मांडा, मग वाद घाला.

समजा, बापाने स्वतः कमावलेली २४ एकर जमीन आहे, मृत्युपत्र नाही आणि मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिघांना आठ-आठ एकर. कुटुंब सुन्नी मुसलमान असेल, तर बायकोला आठवा हिस्सा म्हणजे तीन एकर. उरलेल्या २१ पैकी मुलाला १४ आणि मुलीला सात. ‘मुलीला भावाच्या निम्मं’ हे ऐकताच आपण मुलीची बाजू घेतो, पण या घरात तिच्या वाट्याला हिंदू मुलीपेक्षा एकच एकर कमी आलं. खरी तूट आईची आहे. आणि कुटुंब गोंड असेल, तर १९५६ चा कायदा कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना लागूच नाही. तिथे रूढी चालते, आणि ‘आमच्यात मुलीला देत नाहीत’ असं भावाने सांगितलं की मुलीच्या नावाचा रकाना बहुधा कोराच राहतो.

२. मृत्युपत्राचं काय, हे विचारल्याशिवाय समानता मोजू नका.

हिंदू बापाला स्वकष्टाची सगळीच्या सगळी जमीन मुलाच्या नावे लिहून देता येते. मग मुलीचे आठ एकर एका कागदाने शून्य होतात. मुसलमान बापाला मात्र वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही, म्हणून त्याची मुलगी पूर्णपणे रिकाम्या हाताने जात नाही. गोव्याच्या कायद्यातही अर्धी मालमत्ता मुलाबाळांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखलेली असते. नव्या समान नागरी संहितेत असं राखीव कलम नसेल, तर मुसलमान मुलीला कागदावर समान हिस्सा मिळेल आणि आजचं संरक्षण मात्र जाईल.

३. रूढी कोणी सिद्ध करायची, यावर सगळा निकाल फिरतो.

छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबात धैया नावाच्या स्त्रीच्या वारसांनी आजोळच्या जमिनीत वाटा मागितला. खालच्या न्यायालयांनी त्यांनाच विचारलं, मुलीला वाटा मिळतो अशी रूढी दाखवा. ती दाखवता आली नाही आणि दावा पडला. १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हा क्रम उलटवला: मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिला समान वाटा नाकारता येणार नाही. आमच्याकडच्या गोंड बहिणींनी हा निकाल अर्जाला जोडावा. पण भावाने उद्या वगळणारी रूढी पुराव्यानिशी मांडली तर लढाई पुन्हा सुरू होते, हेही ध्यानात ठेवावं. गोंड वडीलधाऱ्यांची भीतीही खोटी नाही. मुलीने समाजाबाहेर लग्न केलं, तर पुढच्या पिढीत जमीन कोणाकडे जाईल? विक्रीवर भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ चा लगाम आहे. वारशाने जाणाऱ्या जमिनीचा विचार समान नागरी संहितेला वेगळा करावा लागेल.

४. मिळालेला हिस्सा सहीने जातो.

तिन्ही घरांत पुढचा अंक सारखाच. भाऊ म्हणतो, “ताई, सही करून दे, माहेर तुझंच आहे.” संत्र्याच्या बागेचा हिस्सा एका हक्कत्यागपत्रावर सुटतो. कोणी खुशीने सोडतं, कोणी माहेर तुटू नये म्हणून. माझ्याकडे येणाऱ्या बहिणीला मी आधी एकटीला बसवतो, खसऱ्याची नक्कल वाचून दाखवतो आणि बाजारभावाने तिचा हिस्सा किती रुपयांचा होतो ते सांगतो. त्यानंतर ती सही करेल तर तो तिचा निर्णय.

५. ज्यांना वगळलं, त्यांच्याकडे आधी पाहा.

उत्तराखंडची समान नागरी संहिता जानेवारी २०२५ पासून लागू झाली. अनुसूचित जमाती तिच्या बाहेर आहेत. तोच साचा इथे आला, तर हिंदू आणि मुसलमान मुलीचं गणित बदलेल आणि लिखित हक्क नसलेली गोंड मुलगी आहे तिथेच राहील. एकच कायदा हवा की अनेक, यावर माझा हट्ट नाही. मसुदा कोणताही येवो, त्यात तीन गोष्टी शोधा: मृत्युपत्राने न हिरावता येणारा मुलीचा वाटा, आईचा पुरेसा हिस्सा आणि जमातींच्या जमिनीला धक्का न लावता गोंड मुलीला लिखित हक्क. या तिन्ही नसतील, तर त्या मसुद्याला समान म्हणू नका.