रिचार्जच्या फलकावरील बारीक अक्षरे

मोबाईल रिचार्जचे रंगीत फलक तुम्ही दुकानांवर पाहिलेच असतील. ठळक आकड्यांत किंमत, त्याखाली ‘अनलिमिटेड’ हा शब्द आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत चार-पाच ओळी. या तळाच्या ओळी सहसा कोणी वाचत नाही. परंतु भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे असे जे काही असते, ते त्यांतच असते.

दापोलीजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने अशाच एका इंग्रजी फलकाचे छायाचित्र मला पाठविले. तिचा नातू दहावीत आहे आणि गणिताचे पाठ मोबाईलवर पाहतो. “अरे, अमर्याद म्हणून पैसे घेतले, आणि दुपारी बारा वाजले की चित्र हलेनासे होते. ही फसवणूक नाही तर काय? या बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते मराठीत सांग,” असे तिचे म्हणणे होते.

फलकावर किंमत २९९ रुपये, रोज १.५ जीबी, मुदत २८ दिवस असे होते. तळाच्या मुख्य ओळीचे मी केलेले भाषांतर असे: ‘रास्त वापराच्या नियमानुसार, त्या दिवसाचा वाटा संपल्यावर वेग जास्तीत जास्त ६४ Kbps राहील.’

या एका ओळीत दोन निरनिराळ्या राशी आल्या आहेत. १.५ जीबी हे माहितीचे परिमाण आहे, तर ६४ Kbps हा माहिती वाहण्याचा दर आहे. हंड्यात किती लिटर पाणी मावते आणि नळातून मिनिटाला किती लिटर येते, हे जसे दोन वेगळे प्रश्न, तसेच हे. ‘अमर्याद’ हा शब्द येथे फक्त पहिल्या राशीला लागू आहे. वाटा संपल्यावर नळ बंद होत नाही, जादा पैसेही कापले जात नाहीत. पण नळाची धार मात्र दोऱ्याएवढी होते.

ती धार किती बारीक, ते आता मोजून पाहू. येथे एक अक्षर नीट पाहा. दर लिहिताना b हे अक्षर लहान लिपीतील असते. ते बिटचे चिन्ह आहे. जीबी लिहिताना मात्र मोठे B वापरतात, ते बाइटचे. ८ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला केवळ ८ किलोबाइट. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. मोबाईल अखंड चोवीस तास चालू ठेवला, तरी या दराने सुमारे ६९१ एमबी एवढीच माहिती येईल. म्हणजे या ‘अमर्याद’ भागालाही घड्याळाने मर्यादा घातली आहे आणि ती रोजच्या वाट्याच्या निम्म्याहूनही कमी आहे! शिवाय भाषांतरातील ‘जास्तीत जास्त’ हे शब्द विसरू नका. ६४ हा आकडा कमाल आहे. तेवढा वेग मिळेलच असे त्या ओळीत कोठेही म्हटलेले नाही.

एवढ्या धारेत काय भागते? देवनागरीतील एक अक्षरचिन्ह साठविण्यास सामान्यपणे ३ बाइट लागतात. म्हणजे शंभर चिन्हांचा निरोप ३०० बाइटांचा झाला. तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जातो. मोबाईलने दुकानदाराला पैसे देणेही जमते, थोडा वेळ लागेल इतकेच. परंतु हलत्या चित्राचे तसे नाही. मध्यम दर्जाच्या चित्रफितीस सेकंदाला साधारण १० लाख बिट लागतात. असे एक मिनिटाचे चित्र ६४ Kbps च्या धारेतून यावयास सुमारे साडेपंधरा मिनिटे लागतील. दुपारनंतर नातवाचा गणिताचा पाठ अडत होता तो यामुळे.

मग कंपनी असे का करते? माहिती ही काही रॉकेलसारखी जळून संपणारी वस्तू नव्हे. मनोऱ्याला ठरावीक रुंदीचा रेडिओलहरींचा पट्टा मिळालेला असतो आणि त्यातून एका सेकंदात ठरावीकच बिट जाऊ शकतात. ते त्या क्षणी जोडलेल्या सर्वांत वाटले जातात. खरी टंचाई आहे ती सेकंदाला जाणाऱ्या बिटांची. पण कंपनी मोजते मात्र दिवसाचे बाइट, कारण ते मोजणे आणि विकणे सोपे. मनोरा जवळजवळ रिकामा असला, तरी त्या दिवसाचा वाटा संपलेल्याची धार बारीकच राहते. मला हा नियम पूर्ण रास्त वाटत नाही, परंतु तो फलकावर लिहिलेला आहे, हेही तितकेच खरे.

ही अडवणूक मनोऱ्यावर होत नाही. कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेत प्रत्येक ग्राहकाचे बाइट मोजले जातात आणि वाटा संपताच तेथूनच त्याच्या माहितीची पुडकी थोपवून सावकाश सोडली जातात. म्हणूनच मोबाईलच्या वरच्या कोपऱ्यातील संदेशशक्तीच्या उभ्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसतात आणि तरीही चित्र हलत नाही. निदानासाठी ही खूण उपयोगी आहे. पट्ट्या कमी असतील तर दोष लहरींच्या पोहोचण्यात. पट्ट्या भरलेल्या आणि वाटाही शिल्लक, तरी फक्त संध्याकाळीच वेग मंदावत असेल, तर मनोऱ्यावर गर्दी असण्याचा संभव अधिक. पट्ट्या भरलेल्या आणि वाटा शून्य, तर कारण बारीक अक्षरांत आहे.

मी आत्याला ही खूण फोनवर सांगितली. पट्ट्या भरलेल्या होत्या आणि वाटा संपल्याचा संदेशही आलेला होता. उरला प्रश्न तो बारा वाजायच्या आतच वाटा संपतो कसा, हा. मध्यम दर्जाच्या चित्राला तासाला ४५० एमबी लागतात. म्हणजे १.५ जीबीत तीन तास वीस मिनिटे पाठ पाहता यावेत आणि नातू तर दोनच तास पाहतो! पण चित्रफितीचा दर्जा ‘आपोआप’ वर ठेवलेला होता. सकाळी वेग चांगला मिळे, म्हणून चित्रही अधिक स्पष्ट प्रतीचे येई आणि त्याला सेकंदाला २५ लाख बिट लागत. या हिशेबाने १.५ जीबी ८० मिनिटांत संपतो. फळ्यावरील गणित वाचावयास एवढ्या स्पष्टतेची गरज नव्हती. दर्जा मध्यमवर आणताच दोन तासांचे पाठ ९०० एमबीत बसू लागले आणि महागडी योजना घेण्याचे कारण उरले नाही.

राहिली २८ दिवसांची मुदत. आत्या तिला ‘महिना’ म्हणत होती. २८ दिवस १३ वेळा मोजले की ३६४ होतात. म्हणजे वर्षाकाठी १२ नव्हे, १३ रिचार्ज. ३,५८८ ऐवजी ३,८८७ रुपये. ग्राहकांच्या अशाच तक्रारींवरून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांची किमान एक योजना आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी किमान एक योजना ठेवलीच पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. ठळक अक्षरांत अशी योजना दिसली नाही, तर दुकानदाराला तिची किंमत विचारावी. मग दोन्ही योजनांच्या किमतींना मुदतीच्या दिवसांनी भागून एका दिवसाचा खर्च काढावा आणि रोजचा वाटा किती आहे तेही शेजारी लिहावे. आत्याच्या नातवाने हा भागाकार वहीच्या मागच्या पानावर केला आहे. कोणती योजना घ्यायची ते पुढच्या रिचार्जच्या वेळी तोच ठरवणार आहे.