तापाच्या पत्रानं शिकवलेलं

माणदेशातल्या आमच्या गावात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं. एका पावसाळ्यात खालच्या आळीतल्या शेजारशेजारच्या चार घरांत सात जण तापानं आडवे झाले. गावची आशा म्हणून मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं आणि तपासणीची विनंती केली. ते लिहिता लिहिता जे उमगलं, ते सांगते.

१. पत्रात रोगाचं नाव नसलं तरी चालतं, लक्षणं मात्र नेमकी हवीत. आळीत जो तो ‘डेंग्यूच आहे’ म्हणत होता. पण मलेरिया, चिकुनगुन्या, लेप्टो, स्क्रब टायफस यांचे पहिले दोन-तीन दिवस जवळपास सारखेच जातात. म्हणून मी डोळ्यांनी पाहिलेलं आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच लिहिलं: एकदम चढलेला ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंगदुखी, दोघांच्या अंगावर पुरळ. खोकला, जुलाब कोणालाच नाहीत. मलेरियाच्या किटवर सातही जण निगेटिव्ह, काचपट्ट्या सोबत पाठवल्या आहेत. काय नाही, हे लिहिल्यानंही डॉक्टरांचा शोध आखूड होतो.

२. ताप कधी आला ही तारीख सगळ्यात मोलाची. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. त्यानंतर रक्तातली आयजीएम प्रतिपिंडं शोधावी लागतात. तारीख चुकली तर चुकीची तपासणी होते, आणि निगेटिव्ह अहवाल पाहून सगळे निर्धास्त होतात. पण घरात आजारपण असताना तारखा कोण लक्षात ठेवतं? ‘बाजाराच्या आदल्या दिवशी कणकण आली की नंतर?’ असं विचारलं की माणसं बरोबर सांगतात. मग यादीत नाव, वय, घर आणि तापाचा पहिला दिवस असे रकाने पाडले. त्या क्रमानं पाहिल्यावर दिसलं, की पहिला रुग्ण कोपऱ्यावरच्या घरातला, आणि बाकीचे आठवड्याभरानंतर लागोपाठ पडलेले.

३. यादीत न दिसणारं नकाशात दिसतं. वहीच्या पानावर आळी काढली आणि तापाच्या घरांवर फुल्या मारल्या. टाकीचं पाणी सगळं गाव पितं, फुल्या मात्र एकाच कोपऱ्यात. आजारी कोण, तर म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया आणि लहान मुलं, म्हणजे दिवसभर घरी असणारी माणसं. कामावर जाणारे गडी ठणठणीत. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि जन्मला तिथून फार लांब उडत नाही. चारही घरांत पाण्याचे उघडे बॅरल होते, आणि त्यांत वळवळणाऱ्या अळ्या दिसत होत्या. हे सगळं पत्रात लिहिलं, निष्कर्ष डॉक्टरांवर सोडला.

४. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ या वाक्यावर कोणाला काम ठरवता येत नाही. मी तीन गोष्टी मागितल्या: सातही जणांचे रक्तनमुने, आळीतल्या सगळ्या घरांचं कंटेनर सर्वेक्षण आणि घरोघरी ताप असलेल्यांचा शोध. गावकऱ्यांना धूरफवारणी हवी होती. तीही मागितली, पण धुरानं उडते डास मरतात, बॅरलमधल्या अळ्या तशाच राहतात. पुढे आरोग्य सेवकांनी वीस घरं पाहिली, सहा घरांत अळ्या सापडल्या. म्हणजे शंभरात तीस. हा आकडा सांगितल्यावर बाया बॅरल रिकामे करून आतून घासायला लागल्या. घासणं महत्त्वाचंच, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात.

५. काही गोष्टी पत्राची वाट पाहत नाहीत. एका मुलीचा ताप उतरला म्हणून घरचे खूश होते, पण तिचं पोट दुखत होतं आणि उलट्या थांबत नव्हत्या. डेंग्यूत ताप उतरतानाचेच दिवस जास्त धोक्याचे. तिच्यासाठी आधी १०८ ला फोन केला, पत्र नंतर पूर्ण केलं. बाकीच्यांना भरपूर पाणी-पेज आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल दिलं. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका हे घरोघर बजावलं, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेले, आणि सातांपैकी चार डेंग्यूचे निघाले. मुलगी सलाईनवर सावरली.

आशाताईंनो, एकाच आळीत आठवड्याभरात दोन-तीन ताप दिसले तर मोठा आकडा होण्याची वाट पाहू नका. आजच डॉक्टरांना फोन करा, तारखांसकट यादी द्या, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.